परतीचं कलम

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात ह्यांनी ते पत्र घरी आणलं. तीन पानं, इंग्रजीत टाइप केलेली, वर पेढीचं नाव आणि खाली सहीची जागा रिकामी. जेवायला बसण्याआधी हात धुऊन ह्यांनी ते देव्हाऱ्यापाशी ठेवलं. माझ्या जपाच्या माळेला लागूनच. त्या रात्री माझा जप धड झाला नाही. मणी पुढे सरकत होते आणि मन कुठे तरी समुद्रावर.

आम्ही मूळचे सोनगीरचे कासार. सासरे तांब्यापितळेची भांडी ठोकायचे. ह्यांच्या हातात तेच आलं, फक्त भांड्यांच्या जागी यंत्रं आली. जळगावला लखीचंदशेठच्या कारखान्यात तेल गाळायची यंत्रं होतात. शेंगदाणा, सरकी, काय वाटेल ते टाका, एका बाजूनं तेल नि दुसऱ्या बाजूनं पेंड. बारा वर्षं हे तिथं होते. फिटर म्हणून लागले आणि आता जोडणीच्या खात्याचे मुख्य. शेठजी ह्यांना लीलाधर म्हणत नसत, लीला म्हणत. सगळ्या कारखान्यात तेवढं एकट्यालाच.

आफ्रिकेत, केनिया देशात किसुमू म्हणून गाव आहे. तिथल्या एका गुजराती व्यापाऱ्यानं शेठजींच्या भागीदारीत सरकीची तेलगिरणी उभारायला घेतली होती. यंत्रं इथून बोटीनं जाणार आणि ती बसवायला, चालवायला, तिथल्या माणसांना शिकवायला हे जाणार. दोन वर्षांसाठी. जानेवारीत मुंबईहून मोंबासाची बोट होती.

जावं की न जावं हा प्रश्नच नव्हता. गिरणी पायापासून आपल्या हातानं उभी करायची, हे ह्यांच्या मनात कितीतरी वर्षं होतं. इथं प्रकाशचंद, म्हणजे शेठजींचे थोरले चिरंजीव, प्रत्येक बोल्टमागे उभे असत. माझाही विरोध नव्हता. पण त्या पत्रानं मला चैन पडू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी हे मला मराठीत सांगत बसले. मुदत दोन वर्षं, तिथं पाय ठेवल्यापासून. दोघांना मान्य असेल तर सहा महिने वाढेल. इथला पगार चालू राहील आणि तो माझ्या हातात मिळेल. तिकडे राहणं, खाणं, महागाई यांचा वेगळा भत्ता तिथल्या शिलिंगात, आणि वर्षानंतर तिथल्या भावाप्रमाणे तो पुन्हा ठरेल. राहायला खोली भागीदार देईल. कामाचा परवाना त्या भागीदाराच्या नावावर निघेल आणि त्याच कामापुरता चालेल. काम सुटलं की परवाना सुटला, दुसरीकडे कुठे नोकरी धरता येणार नाही. सहा महिन्यांनी मलाही नेता येईल, माझा परवाना ह्यांच्या परवान्यावर. पण सासूबाई सोनगीरला एकट्या आणि पोरगी सातवीत, तेव्हा ते कलम आम्ही वाचून पुढे गेलो.

सगळं वाचून झालं तरी ह्यांनी शेवटचं पान उलटलं नाही.

"त्यावर काय आहे?" मी विचारलं.

परतीचं होतं. मुदत पुरी झाली की परतीचं तिकीट आणि सामानाचं भाडं पेढी देईल. हे आजारी पडले किंवा घरी कुणी वारलं तरी देईल. आपल्या मनानं आधी निघाले तर खर्च ज्याचा त्यानं. इथवर ठीक. पुढची ओळ ह्यांनी जरा घाईत वाचली: परत आल्यावर कंपनीच्या सोयीप्रमाणे योग्य काम देण्याचा विचार केला जाईल.

"विचार?" मी म्हटलं.

हे हसले. म्हणाले, तो कागद आपल्यासाठी नाहीच. रिझर्व्ह बँकेला दाखवायचा, तिकडच्या सरकारला दाखवायचा, म्हणून मुनीम रतिलालभाईनं मुंबईच्या कुठल्या तरी पत्रावरून उतरवून काढलाय. आपलं बोलणं वेगळं झालंय. शेठजींनी गादीवर बसून सांगितलंय, लीला, तू येशील तेव्हा तुझी जागा तुझी.

आणि हे खरंच होतं. त्या पेढीत कधी काही लिहून होत नसे. ह्यांना मुख्य केलं ते शब्दानं. पोरीच्या आजारपणात पैसे दिले ते शब्दानं. शेठजींचा शब्द फिरल्याचं जळगावात कुणी ऐकलं नव्हतं. त्यांच्याकडे कागद मागणं म्हणजे त्यांच्या तोंडावर दार लावणं.

पण आठवड्याभरात एकेक कानावर यायला लागलं. भुसावळचा एक डिप्लोमा झालेला मुलगा ह्यांच्या हाताखाली काम शिकायला आला. दोन वर्षांपुरताच, असं म्हणत होते. कारखान्यातला उखर्डू म्हणून जुना हमाल आमच्याकडे चहाला यायचा. तो म्हणाला, वहिनी, त्या पोरानं तर कोर्ट चौकात खोली घेतली नि आईबापाला आणलं, दोन वर्षांसाठी कुणी एवढं बिऱ्हाड हलवतं का? हे त्याच्यावर चिडले. पण त्या रात्री हेही कूस बदलत होते. मी पहाटे दिवा लावायला उठले तेव्हा हे आधीच अंगणात फेऱ्या मारत होते.

शेठजी सत्तरी ओलांडलेले. दोन वर्षांत कुणाचं काय होईल, हे आम्ही दोघंही बोललो नाही.

आयकराचा दाखला काढल्याशिवाय बोटीत पाऊल ठेवता येत नसे. त्याची कामं पेढीसाठी धुळ्याचे पितांबर शिरोडे वकील बघत. ते कर सल्लागार. पत्रात लिहिलंच होतं की कराच्या कागदपत्रांना पेढी मदत करेल. एका शनिवारी आम्ही एसटीनं धुळ्याला गेलो. येताना सोनगीरला सासूबाईंना भेटून यायचं म्हणून मीही गेले. माझा उपास होता, शेंगदाण्याचे लाडू बरोबर होते. पारोळ्यापर्यंत हे खिडकीबाहेर बघत होते आणि हातातली पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर ठेवत होते.

शिरोडे वकील बुटके, गोड बोलणारे, पण डोळा बारीक. त्यांनी पत्र उभं धरून वाचलं.

कराचं कलम त्यांना आवडलं. तिकडचा कर भागीदार भरेल. इकडच्या सरकारनं तिकडच्या पगारावर कर लावलाच, तर इथं राहून जेवढा बसला असता तेवढाच ह्यांच्यावर, वरचा फरक पेढीवर. रतिलालनं बरं उतरवलंय, म्हणाले. मग त्यांनी रजेचं कलम दाखवलं. एक वर्षानंतर दीड महिना घरी यायची सवलत.

"हे कमी करून घ्या," ते म्हणाले. "महिन्याच्या आतच या."

"का?" ह्यांनी विचारलं. "हिला विचारा, हिला तर दीड महिनाही कमी."

वकील हसले. म्हणाले, कायदा असा आहे की माणसाचं इथं घर चालू असेल, कुणी तरी त्याच्यासाठी ते राखत असेल, आणि वर्षात तो तीस दिवस किंवा त्याहून जास्त इथं राहिला, तर सरकार त्याला इथलाच समजतं. मग तिकडचं सगळं उत्पन्नही इथल्या हिशेबात येतं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे अक्का, तुम्ही इथं घर राखलं म्हणून हे इथले ठरतात."

मला त्या क्षणी तो कायदा फार समजूतदार वाटला.

मग ते परतीच्या कलमाशी आले आणि त्यांचं हसू गेलं. त्यांनी विचारलं, हा कागद वाचलात ना? ह्यांनी तेच सांगितलं, कागद दाखवायपुरता, बोलणं वेगळं झालंय.

"लीलाधरभाऊ, मीही शेठजींचं मीठ खातो," शिरोडे म्हणाले, "म्हणून हळू सांगतो. दाखवायचा नि पाळायचा असे दोन कागद नसतात. हा एकच आहे."

आणि त्यांनी दाखवलं. दोन वर्षं ह्यांची नोकरी इथं चालू धरायची की तिकडे नवी लागली असं धरायचं, याविषयी पत्र गप्प होतं. नोकरी अखंड आहे असं लिहिलं नाही तर बारा वर्षांची सलगता कुणीही मोडून दाखवील. फंड, ग्रॅच्युइटी, जागा, सगळं त्या एका वाक्याला टांगलेलं. शेठजी मोडणार नाहीत. पण दोन वर्षांनी गादीवर जो असेल तो म्हणेल, आम्ही विचार केला, सोय नाही.

ह्यांनी पत्राची घडी घातली. बाहेर आल्यावर रिक्षावाल्याशी उगाच चार आण्यांवरून वाद घातला. असं कधी करत नसत.

सोनगीरला सासूबाई झुंबरबाई ओट्यावर बसून ज्वारी निवडत होत्या. ह्यांनी त्यांना सगळं सांगितलं, म्हणजे अर्धं सांगितलं. सासूबाई वाचायला शिकल्या नव्हत्या, पण सासऱ्यांच्या हाताखाली चाळीस वर्षं गिऱ्हाईक सांभाळलेलं. त्या मान वर न करता म्हणाल्या, "बठ्ठं कागदवर लिखी ले, पोरा. शेठ चांगला शे, पन तो काय जलमभर गादीवर बसनार शे?"

"आई, त्यांना मागायचं कसं?" हे म्हणाले. "त्यांना वाटेल लीलाचा भरवसा उडाला."

सासूबाईंनी त्यावर एक खडा वेचून फेकला, एवढंच.

जळगावला आल्यावर हे दोनदा गादीपाशी गेले आणि दोनदा दुसरंच काही बोलून आले. एकदा बोटीच्या तारखेचं, एकदा कुठल्याशा यंत्राच्या पट्ट्याचं. सही करायला सोमवारपर्यंतची मुदत होती, कारण कागद मुंबईला रिझर्व्ह बँकेकडे जायचे होते. ह्यांनी सही केली नाही तर भुसावळच्या मुलालाच पाठवायचं ठरत होतं. आणि सही केली तर परतायला जागा नव्हती. शुक्रवारी मी पोळी लाटताना हे स्वयंपाकघराच्या दारात तीनदा आले आणि तीनदा पाणी पिऊन गेले.

मी शेठजींची सून चंदनबाई हिच्याकडे गेले. आमचं दोघींचं बोलणं असायचं, चातुर्मासात ती मला तिच्या उपासाचं सांगे नि मी तिला माझ्या उपासाचं. मी आढेवेढे न घेता सरळ सांगितलं. प्रकाशचंद तिचे पती, आणि भुसावळचा मुलगा त्यांनीच आणलेला, हे मला ठाऊक होतं. मी उठायला लागले तेव्हा ती म्हणाली, "बापूजींकडे सकाळी या. दहाच्या आत."

मी म्हटलं, सकाळी तर त्यांचं मौन असतं.

"म्हणूनच. मौनात ते ऐकतात. नंतर नुसतं बोलतात."

शेठाणी गेल्यापासून शेठजींनी ते व्रत घेतलं होतं. सूर्योदयापासून दहापर्यंत एक अक्षर नाही. त्या वेळी ते घरातल्या बैठकीत गादीवर बसत, रतिलालभाई कागद पुढे करत, शेठजी वाचत, सह्या करत. काही सांगायचं तर पाटीवर लिहीत. नको असलं तर पाटी पालथी घालत. पालथी पाटी म्हणजे तो विषय संपला, मग दहानंतरही कुणी काढत नसे.

शनिवारी आम्ही गेलो. मी नेहमीपेक्षा लवकर उठून माझी पूजा आटपली होती, तरी एक फूल हातातून खाली पडलं. ह्यांनी धुतलेला सदरा घातला होता. बैठकीत रतिलालभाई होते. मी आतल्या दाराशी, अर्ध्या ओढलेल्या पडद्यामागे चंदनबाईजवळ बसले, डोक्यावर पदर घेऊन.

ह्यांनी पत्र गादीवर ठेवलं आणि सुरुवात केली. धुळ्याला गेलो होतो. रजेचं कलम कमी करायला सांगितलंय. शेठजींनी मान हलवली, रतिलालभाईंनी लिहून घेतलं. कराचं ठीक आहे. मान. परवान्याची प्रत हवी. मान. मग हे थांबले. बाहेर टांगा गेला, त्याच्या घुंगरांचा आवाज गेला तरी हे थांबलेलेच.

शेवटी एका दमात म्हणाले, "परतीच्या कलमात नोकरी चालू राहील नि आलो की माझी जागा मला मिळेल असं लिहून मिळालं तर बरं होईल."

रतिलालभाईंचं पेन थांबलं. शेठजींनी पाटी ओढली. त्यांचं अक्षर मोठं होतं, मला दारातून दिसलं.

माझा शब्द कमी पडला?

ह्यांनी ते वाचलं आणि मान खाली घातली. इतक्या वर्षांत मी ह्यांना असं कधी बघितलं नव्हतं. शेठजींचा हात पाटीच्या कडेवर होता. आता ती पालथी पडणार, असं मला दिसत होतं, आणि ती पालथी पडली की आमचं सगळं तिच्याखाली.

त्यांच्यासमोर मी आजवर कधी बोलले नव्हते. मीच बोलतेय हे मला नंतर कळलं.

"शब्द कमी पडला नाही, शेठजी," मी म्हटलं. "पण तो ऐकलाय फक्त ह्यांनी. दोन वर्षांनी हे येतील तेव्हा ज्याला तो ऐकवायचा, तो माणूस शब्द दिला तेव्हा इथं नव्हता."

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं नाही, पडद्याकडे पाहिलं. मी पुढे म्हटलं, "सकाळी तुम्ही बोलत नाही. तरी पेढी चालते. ती लिहिल्यावरच चालते ना?"

चंदनबाईनं माझ्या मनगटावर हात ठेवला. थांबवायला की काय, कळलं नाही.

तेवढ्यात प्रकाशचंद आत आले. रतिलालभाईंनी त्यांना काय चाललंय ते हळू आवाजात सांगितलं. ते वडिलांसमोर उभे राहून म्हणाले की जागेचा शब्द आता देणं बरोबर नाही, नवीन मुलालाही आपण आशेवर आणलंय, दोन वर्षांनी काम वाढेल की कमी होईल कुणी सांगावं, म्हणून तर ते वाक्य मोघम ठेवलंय. ते मुद्दाम काही वाईट बोलत नव्हते. त्यांच्या बाजूनं ते खरंही होतं. पण बोलता बोलता ते एक बोलून गेले: मोघम ठेवलंय. म्हणजे रतिलालभाईंनी ते मुंबईच्या पत्रावरून उतरवलं नव्हतं. ते ठेवलं होतं.

शेठजींनी पाटीवरचा हात काढला आणि मुलाकडे पाहिलं. बराच वेळ. मग पदरासारखं उपरणं सावरून त्यांनी पाटी पुसली. पालथी घातली नाही, पुसली. पत्राचं शेवटचं पान समोर ओढलं, ते वाक्य आडवं खोडलं आणि त्याच्याशेजारी समासात आपल्या हातानं मराठीत लिहायला लागले. हळू लिहीत होते. लिहून झाल्यावर खाली आणखी दोन ओळी लिहिल्या. पान ह्यांच्याकडे सरकवलं.

हे वाचताना त्यांचे ओठ हलत होते. दोन वर्षं नोकरी जळगावची अखंड धरली जाईल. परत आल्यावर जोडणी खात्यात हीच जागा, त्या वेळच्या पगारानं. खालच्या दोन ओळी वेगळ्या होत्या: गिरणी पूर्ण चालू करून, तिथल्या माणसाच्या हाती सोपवूनच निघायचं. त्याआधी स्वतःहून निघाल्यास तिकीट स्वतःचं आणि वरचा शब्द रद्द.

प्रकाशचंद काही म्हणणार होते, पण शेठजींनी हात वर केला.

"मान्य," हे म्हणाले.

शेठजींनी समासात सही केली. ह्यांनीही त्याखाली केली. रतिलालभाईंनी पान उचललं तेव्हा त्यांचाही श्वास सुटल्यासारखा आवाज झाला.

मग आम्ही तिथंच बसून राहिलो, कारण दहाला थोडाच वेळ होता आणि त्या वेळी उठून जाणं बरं दिसलं नसतं. चंदनबाईनं ह्यांना दूध आणून दिलं. मला काही नको होतं. माझा शनिवारचा उपास होता, तेवढंच कारण नव्हतं. प्रकाशचंद खिडकीशी उभे होते. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं आणि बैठकीत कुणी हलत नव्हतं.

दहाचे ठोके पडले. शेठजींनी हात जोडून काही पुटपुटलं, मग घसा साफ केला.

"रतिलाल," ते म्हणाले, "हे इंग्रजीत नीट टाइप करून घे. तीन प्रती. लीलाधरला दुपारी सही करायला बोलाव."

हे तिथंच, हाताच्या अंतरावर बसले होते.

परतताना आम्ही स्टेशनच्या बाजूनं चालत आलो. ह्यांची पावलं भरभर पडत होती, मला मागे राहावं लागत होतं. मालधक्क्यावर केळीच्या घडांनी भरलेल्या बैलगाड्यांची रांग लागली होती, तिथून वाट काढताना हे थांबले.

"मिळालं सगळं," हे म्हणाले.

मी हो म्हटलं.

"मला लीलाधर म्हणाले. रतिलालला सांगितलं, बघितलंस?"

मी बघितलं होतं. मला वाटलं, आपण बोललो नसतो तर... पण पाटी पालथी पडली असती तर हे परत येऊन कुठे उभे राहिले असते, तेही डोळ्यांसमोर आलं. दोन्ही एकाच वेळी मनात राहिनात. मी म्हटलं, "रागावले असतील आज."

"रागावले नाहीत," हे म्हणाले. "रागावले असते तर मला कळलं असतं."

दुपारी हे सही करून आले. एक प्रत आम्हाला मिळाली. ह्यांनी ती मला वाचून दाखवली, शेठजींची मराठी आता इंग्रजीत गेली होती, पण अर्थ तोच होता. मी ती ओळ ह्यांना पुन्हा वाचायला लावली. त्याच जागी. त्या वेळच्या पगारानं.

संध्याकाळी हे कारखान्यात गेले. भुसावळच्या मुलाला जोडणीचं खातं समजावून द्यायचं होतं. मी दिवा लावला, माळ हातात घेतली. अर्ध्यावर पोरीनं विचारलं, बाबा किती दिवस राहतील रजेवर आल्यावर. मी म्हटलं, महिन्याच्या आत. ती म्हणाली, एवढंच का? मी तिला कायदा सांगायला लागले, घर राखण्याचा, इथलं ठरण्याचा, आणि इथले ठरू नयेत म्हणूनच लवकर जायचं, इथवर येऊन थांबले. हे अजून आले नव्हते. अंधार पडला होता. मी माळ खाली ठेवून दारात जाऊन उभी राहिले.